भातखंडे आणि पलुस्कर स्वरलिपी: ताल, सप्तक, विश्रांती आणि स्टाफ नोटेशन यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वरलिपीचे एक जुने पान हाती आले आहे. ते भातखंडे पद्धतीचे की पलुस्कर पद्धतीचे, हे कसे ओळखायचे?

सा आणि प यांच्याकडे पाहा. त्यांच्याखाली आडवी रेघ असेल तर पान पलुस्कर पद्धतीचे आहे.

कारण साधे आहे. भातखंडे पद्धतीत स्वराखालची आडवी रेघ म्हणजे तो स्वर कोमल. पलुस्कर पद्धतीत तीच रेघ म्हणजे तो स्वर एक मात्रा लांब. सा आणि प हे अचल स्वर आहेत, ते कधीच कोमल होत नाहीत. म्हणून त्यांच्याखाली रेघ दिसली की ती लांबीचीच असणार. ही खूण लक्षात न घेता भातखंडे पद्धतीवर वाढलेला विद्यार्थी पलुस्कर पद्धतीचे पान उघडतो तेव्हा त्याला बिलावलही भैरवीसारखा दिसू लागतो, कारण जवळजवळ प्रत्येक स्वराखाली रेघ असते.

याला पुष्टी हवी असेल तर तालाच्या खुणा पाहा. ओळीखाली ×, २, ०, ३ असे काही असेल आणि खंडांमध्ये उभे दंड असतील, तर ते भातखंडे. १, ५, +, १३ असे आकडे असतील आणि दंड फक्त आवर्तनाच्या शेवटी दिसत असेल, तर ते पलुस्कर.

एकच संगीत लिहायला दोन पद्धती का झाल्या?

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) हे जवळपास एकाच काळात वेगवेगळ्या गरजांसाठी लिहीत होते. भातखंडे पेशाने वकील. घराण्यांतल्या गवयांकडून मिळतील तेवढ्या बंदिशी गोळा करायच्या, त्यांची रागवार मांडणी करायची आणि त्या छापायच्या, हा त्यांचा ध्यास होता. शेकडो बंदिशी छापायच्या तर लिपी हलकी हवी, छापखान्याला झेपणारी हवी. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग चाळले की ही निकड कळते. पलुस्कर स्वतः गवई. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि एकाच वर्गात अनेक मुलांना शिकवायला घेतले. त्यांच्या लिपीत प्रत्येक स्वर किती लांब हे त्या स्वरालाच लिहून दिलेले असते. मुलाने आजूबाजूला न पाहता तो स्वर वाचावा, अशी तिची रचना आहे.

पुढे पलुस्करांच्या शिष्यपरंपरेत त्यांच्या लिपीत बरेच फेरफार झाले. त्यामुळे ‘पलुस्कर पद्धती’ म्हणून छापलेल्या दोन पुस्तकांतही खुणा तंतोतंत जुळतील असे नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला चिन्हपरिचय असतो, तो वगळून थेट बंदिशीवर उडी मारू नये.

सप्तक कसे दाखवतात? बिंदू वर की खाली?

इथेच सर्वाधिक घोटाळा होतो.

भातखंडे पद्धतीत मध्य सप्तकाला कोणतीच खूण नाही. मंद्र सप्तकातल्या स्वराखाली बिंदू, तार सप्तकातल्या स्वरावर बिंदू. ऩि म्हणजे मंद्र निषाद, सां म्हणजे तार षड्ज. स्वर खाली तर बिंदू खाली, स्वर वर तर बिंदू वर. यात पाठ करण्यासारखे काही नाही.

पलुस्कर पद्धतीतही मध्य सप्तक खुणेविना असते. पण मंद्र स्वराच्या डोक्यावर बिंदू येतो आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. म्हणजे दोन्ही खुणा वरच.

आता एकच अक्षर दोन्ही चष्म्यांतून वाचून पाहा. निं असे लिहिलेले भातखंडे पद्धतीत तार निषाद आहे, तर पलुस्कर पद्धतीत मंद्र निषाद. दोन्हींत तब्बल दोन सप्तकांचे अंतर. म॑ असे लिहिलेले भातखंडे पद्धतीत मध्य सप्तकातला तीव्र मध्यम आहे, कारण तिथे डोक्यावरची उभी रेघ तीव्रत्व दाखवते. तेच अक्षर पलुस्कर पद्धतीत तार सप्तकातला शुद्ध मध्यम होते. एका रेघेने स्वरही बदलला आणि सप्तकही.

चुकीचे वाचन गाऊन पाहिले की लगेच उघडे पडते. एखाद्या ओळीत लागोपाठच्या स्वरांमध्ये सहा-सात स्वरांच्या उड्या वारंवार लागत असतील, तर गायकी अवघड आहे असे समजण्याआधी लिपी कोणती ते तपासा. बंदिशी सहसा गळ्याला सोयीच्या वाटेने चालतात.

मग कोमल आणि तीव्र स्वरांचे काय?

भातखंडे: कोमल रे, ग, ध, नि यांच्याखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. पलुस्कर: कोमल स्वराला पाय मोडल्यासारखी हलंताची खूण, म्हणजे ग् किंवा ध्, आणि तीव्र मध्यमाला उलटा हलंत. पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्ये ही कामे फ्लॅट आणि शार्प या खुणा करतात.

स्टाफ नोटेशनमध्ये सप्तकाची खूण का लागत नाही?

कारण तिथे उंची कागदावरच दिसते. पाच रेषांच्या जाळीवर स्वर जितका वर, तितका तो उंच. मध्य आणि तार षड्ज हे तिथे एकाच अक्षराचे दोन प्रकार नसतात. ते दोन वेगळ्या जागांवर बसलेले दोन ठिपके असतात. जाळीबाहेर गेलेल्या स्वरासाठी छोट्या जादा रेषा काढतात आणि फारच वर जायचे असेल तर एक सप्तक वर वाजवण्याची सूचना लिहितात. जाळीच्या सुरुवातीला असलेला क्लेफ कोणत्या रेषेवर कोणता स्वर ते ठरवतो.

याचा एक मोठा फायदा आहे: चालीचा आकार वाचण्याआधीच डोळ्याला दिसतो. आरोही तान चढताना दिसते, मींड कुठून कुठे उतरते ते दिसते. सा रे ग म या अक्षरांच्या सरळ ओळीत हे दिसत नाही. तिथे एक बिंदू पुसला गेला की चाल सप्तकभर घसरते आणि डोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. जुन्या पुस्तकांच्या झेरॉक्समध्ये हे सर्रास होते.

पण स्टाफ नोटेशन ठरावीक पट्टीतल्या स्वरांना बांधलेले आहे. आपला सा कुठेही असू शकतो. एखादा गायक काळी एकमध्ये गातो, एखादी गायिका काळी चारमध्ये, आणि दोघांची बंदिश एकच असते. भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीत ती दोघांसाठी एकदाच लिहिता येते. स्टाफवर काळी एकचा सा धरून यमन लिहिला तर पान शार्पांनी भरून जाते. म्हणून जाणते लोक सा पांढरी एकवर, म्हणजे ‘सी’वर मानून लिहितात आणि वर खरा सा कोणता तेवढी टीप देतात. पाश्चात्त्य वादकाला हे सांगितले नाही, तर तो लिहिलेल्या पट्टीतच वाजवणार हे गृहीत धरा.

तालाच्या खुणा नेमक्या कशा वेगळ्या?

त्रितालाच्या सोळा मात्रा, चार-चारांचे चार खंड. सम पहिल्या मात्रेवर, टाळ्या पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, टाळी नसलेला काल नवव्या मात्रेवर.

भातखंडे पद्धतीत त्यांच्याखाली अनुक्रमे ×, २, ०, ३ येतात. इथला २ म्हणजे दुसरी टाळी, दुसरी मात्रा नव्हे. समेची टाळी पहिली असते, तिला आकड्याऐवजी × मिळतो. खंडांमध्ये उभे दंड असतात.

पलुस्कर पद्धतीत त्याच जागांवर १, ५, +, १३ येतात. इथला आकडा म्हणजे ती टाळी कितव्या मात्रेवर पडते तो. कालाला आकडा नाही, त्याला + मिळतो. खंड दाखवायला दंड नाहीत. एक दंड आवर्तन संपल्याचा, दोन दंड स्थायी किंवा अंतरा संपल्याचे.

झपतालात दोन्ही पद्धतींची गल्लत सहज होते. दहा मात्रा, २-३-२-३ अशी विभागणी. भातखंडे: पहिल्या मात्रेवर ×, तिसरीवर २, सहावीवर ०, आठवीवर ३. पलुस्कर: १, ३, +, ८. म्हणजे ३ हा आकडा दोन्हीकडे आहे, पण एकीकडे तो आठव्या मात्रेखाली आहे आणि दुसरीकडे तिसऱ्या मात्रेखाली. घाईघाईने उतरवून घेतलेल्या वहीत हाताने काढलेला + थोडा तिरका झाला की तो × होतो, आणि मग काल सम होऊन बसतो. बंदिश अर्ध्या आवर्तनाने सरकते. तबलजी मुखड्याच्या वेळी गोंधळला की ही चूक कळते, आधी नाही.

शून्याचेही तेच. भातखंडे पद्धतीत ० म्हणजे काल. पलुस्कर पद्धतीत स्वराखालचा ० म्हणजे अर्धी मात्रा.

मला यात भातखंड्यांची बाजू सरस वाटते. खंडांचे दंड डोळ्याला आधार देतात आणि टाळी-काल हाताने धरत गाणाऱ्याला लागते तेवढेच त्या ओळीत असते. पलुस्करांच्या आकड्यांचा उपयोग मोठ्या तालांत जाणवतो. चौदा मात्रांच्या धमारात अमुक टाळी कितव्या मात्रेवर, हे मोजत बसावे लागत नाही.

रूपकात सम कशी लिहायची?

सात मात्रा, ३-२-२, आणि काल पहिल्याच मात्रेवर. म्हणजे समही तीच आणि कालही तोच. पलुस्करांच्या रीतीने +, ४, ६ असे सरळ लिहिता येते. भातखंडे पद्धतीत लिहिणाऱ्यांमध्ये मात्र एकवाक्यता नाही: कोणी ० लिहितात, कोणी ×, कोणी × भोवती वर्तुळ काढतात, आणि त्यानुसार पुढच्या टाळ्यांचे आकडेही बदलतात. परीक्षेला जाताना आपल्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकातली रीत पाळावी.

एका मात्रेत दोन किंवा अधिक स्वर असतील तर?

दोन पद्धतींतला मूळ फरक इथे आहे. भातखंडे मात्रेकडून स्वराकडे जातात. मात्रा हे एक घर आहे, त्यात जितके स्वर राहतील तितके समान वाटे पडतात. एका मात्रेतले स्वर जोडून लिहायचे आणि त्यांच्याखाली एक कंस काढायचा. निध म्हणजे प्रत्येकी अर्धी मात्रा, सारेग म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. कोणताच अपूर्णांक लिहावा लागत नाही. वाटे विषम असतील तर त्याच कंसात आडवी रेघ घालायची: सा––रे असे एका कंसात असेल, तर मात्रेचे चार वाटे झाले, त्यांतले तीन सा ला आणि एक रे ला.

पलुस्कर स्वराकडून मात्रेकडे जातात. प्रत्येक स्वराखाली त्याची स्वतःची लांबी: आडवी रेघ म्हणजे एक मात्रा, शून्य म्हणजे अर्धी, वाटीसारखी छोटी कमान म्हणजे पाव, दुहेरी कमान म्हणजे एक अष्टमांश. एकाहून अधिक मात्रांसाठीही स्वतंत्र खुणा आहेत.

स्टाफ नोटेशन या बाबतीत पलुस्करांच्या जवळचे आहे. तिथेही ठिपका भरीव की पोकळ, त्याला दांडी आहे का, दांडीला किती शेपट्या, यावरून त्या स्वराची लांबी कळते. पण क्वार्टर नोट भरीव, दांडीवाली, हाफ नोट पोकळ, हे सगळे ठिपक्याच्या आकारातच सामावते. पलुस्कर पद्धतीत ते अक्षराखाली वेगळ्या थरात लिहावे लागते. वर सप्तकाची खूण, बाजूला विकृतीची, खाली लांबीची, त्याखाली तालाची आणि मग गीताचे शब्द. छापायला हे जड जाते. भातखंडे लिपी जास्त पसरली, त्यामागे हे एक कारण असणार असे मला वाटते.

कमानीबद्दल एक सूचना: भातखंडे पद्धतीत स्वरांखालचा कंस म्हणजे एक मात्रा, स्वरांवरचा कंस म्हणजे मींड. स्टाफवर मींडेसाठी साधारणपणे स्लर वापरतात, तोही कमानीसारखाच असतो.

एक ओळ तिन्ही पद्धतींत लिहून दाखवाल का?

यमनची एक साधी सरगम घेऊ. ताल त्रिताल, उठाव नवव्या मात्रेवरून, म्हणजे कालापासून. भातखंडे पद्धतीत ती अशी:

ऩि रे ग म॑ | ध नि सां – | निध प – म॑ | ग रे सा –

खाली अनुक्रमे: ० | ३ | × | २

निध खाली कंस आहे असे समजा. पहिला निषाद मंद्र, दुसऱ्या खंडातला षड्ज तार, मध्यम तीव्र. सम निध मधल्या नि वर पडते. तीन आडव्या रेघा आहेत: सोळाव्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर.

आता पलुस्कर पद्धत. पहिल्या निषादाखालचा बिंदू निघून त्याच्या डोक्यावर जाईल. मध्यमावरची उभी रेघ जाऊन तिथे उलटा हलंत येईल. तार षड्जावरचा बिंदू जाऊन तिथे उभी रेघ येईल. आडव्या रेघांच्या जागी ऽ हा अवग्रह येईल. खंडांचे दंड पुसले जातील. निध मधल्या दोन्ही स्वरांखाली ० येईल, उरलेल्या प्रत्येक मात्रेखाली आडवी रेघ. तालाच्या थरात पहिल्या निषादाखाली +, धैवताखाली १३, समेच्या निषादाखाली १ आणि गंधाराखाली ५. मूळ ओळीत काही खुणा जशाच्या तशा राहिल्या असतील, तर रूपांतर अर्धवट झाले आहे असे समजावे. विशेषतः म॑ तसाच राहिला तर वाचणारा तार मध्यमावर जाईल.

स्टाफवर सा ‘सी’ मानू आणि ट्रेबल क्लेफ घेऊ. मंद्र निषाद जाळीखालच्या पहिल्या जादा रेषेच्याही खाली लटकतो. रे तळच्या रेषेखालच्या जागेत, ग तळच्या रेषेवर, तीव्र म पहिल्या फटीत एफ शार्प म्हणून. धैवत दुसऱ्या फटीत, निषाद मधल्या रेषेवर, तार षड्ज तिसऱ्या फटीत. मात्रेला क्वार्टर नोट मानली तर पहिल्या खंडात चार क्वार्टर नोटा, दुसऱ्यात दोन क्वार्टर आणि तार षड्जाची एक हाफ नोट. तिसऱ्यात निध च्या दोन एट्थ नोटा, पंचमाची हाफ नोट आणि मध्यमाची क्वार्टर. चौथ्यात ग आणि रे च्या क्वार्टर नोटा आणि शेवटी षड्ज. तो षड्ज हाफ नोट लिहायचा की क्वार्टर नोट आणि पुढे विश्रांती, हा प्रश्न मूळ ओळीत सुटलेलाच नाही.

म्हणजे आडवी रेघ हे विश्रांतीचे चिन्ह नव्हे?

नव्हे. भातखंडे पद्धतीत स्वरांपुढची – ही रेघ आणि गीताच्या शब्दांतला ऽ, दोन्ही सांगतात की आधीचे पुढे चालू ठेवा. पलुस्कर पद्धतीत स्वर लांबवायला ऽ आणि शब्दातला स्वरोच्चार लांबवायला बिंदू. म्हणजे ऽ ही खूण दोन्हीकडे आहे, पण एकीकडे ती शब्दांच्या ओळीत आणि दुसरीकडे स्वरांच्या ओळीत.

आवाज थांबवा, आता एवढा वेळ काहीच नको, असे सांगणारी आणि मात्रांमध्ये मोजता येणारी सर्वमान्य खूण या दोन्ही लिपींत रूढ नाही. स्टाफ नोटेशनमध्ये शांततेलाही स्वरासारखीच लांबी असते. चार मात्रांच्या विश्रांतीची आयताकृती पट्टी चौथ्या रेषेला खालून लटकते, दोन मात्रांची तशीच पट्टी मधल्या रेषेवर बसते, एका मात्रेची नागमोडी खूण असते आणि त्याखालच्या अपूर्णांकांच्या विश्रांतींना दांडी आणि शेपट्या.

आपल्याकडे ही गरज का भासली नसावी, याचा अंदाज बांधता येतो. मागे तंबोरा अखंड चालू असतो आणि तबला ठेका सोडत नाही, त्यामुळे गायक थांबला तरी मैफलीत शांतता होत नाही. शिवाय कुठे श्वास घ्यायचा हे गुरूकडून शिकायचे असते. सतार किंवा सरोदवर तर प्रश्न आणखी पुसट होतो: तार छेडली की नाद आपोआप विरत जातो, त्यामुळे लांबवलेला स्वर आणि थांबलेला स्वर यांच्यात रेषा ओढणेच कठीण.

भातखंड्यांच्या पुस्तकांत स्वरविस्तार दिलेला असतो तिथे स्वल्पविराम दिसतात: सा, ऩि रे सा, असे. तो थांबा खरा, पण त्याला मोजलेली लांबी नाही. आलापाला ताल नसल्यामुळे ते चालून जाते.

पण तालात मोजून थांबायचे असेल तर? दमदार तिहाईत?

हा खरा कसोटीचा प्रसंग आहे. तिहाईच्या तीन पल्ल्यांमध्ये जो थांबा असतो त्याला दम म्हणतात. समजा ग रे सा हा तीन मात्रांचा पल्ला आहे आणि दम एका मात्रेचा. तीन पल्ले आणि दोन दम मिळून अकरा मात्रा झाल्या. शेवटचा सा समेवर आणायचा असेल तर त्रितालात सातव्या मात्रेपासून उचलावे लागेल: ७, ८, ९ पहिला पल्ला, १० दम, ११, १२, १३ दुसरा पल्ला, १४ दम, १५, १६ आणि सम.

भातखंडे पद्धतीत हे असे लिहिले जाते:

ग रे सा – ग रे सा – ग रे सा

या दोन रेघा बंदिशीतल्या रेघांसारख्याच दिसतात. गायकाने दहाव्या मात्रेवर सा लांबवला तरी लिपीच्या दृष्टीने ते बरोबर आणि सा सोडून दम घेतला तरी बरोबर. ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही वेगळे लागतात. सा तोडला की तिहाईचे तीन तुकडे वेगळे ऐकू येतात, लांबवला की ते एकमेकांत मिसळतात. तबल्याच्या बोलांतही धा नंतरचा ऽ असाच दुहेरी असतो, पण तिथे धा स्वतःच विरून जातो म्हणून अडचण येत नाही.

व्यवहारात उपाय एकच: आपल्या वहीत वेगळी खूण ठरवायची आणि पानाच्या माथ्यावर ती लिहून ठेवायची. काही शिक्षक दमाची मात्रा रिकाम्या कंसात दाखवतात. तसे करणार असाल तर कंसात स्वर लिहू नका, कारण भातखंडे पद्धतीत (प) असा कंसातला स्वर म्हणजे धपमप असा चार स्वरांचा खटका.

भातखंडे पद्धतीतली बंदिश स्टाफवर उतरवताना रेघेचे काय करावे? टाय की विश्रांती?

आधी ध्वनिमुद्रण ऐकावे. ते नसेल तर पुढचा नियम बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडतो. रेघेच्या मात्रेखाली गीताच्या ओळीत ऽ असेल, तर शब्द चालू आहे, म्हणून स्वर लांबवावा: हाफ नोट, किंवा खंडाची सीमा ओलांडत असेल तर दोन नोटा कमानीने जोडून एक करणारा टाय. शब्द संपला असेल आणि पुढची मात्रा नव्या शब्दाने किंवा मुखड्याच्या उठावाने सुरू होत असेल, तर तिथे गायक श्वास घेणार. स्वराची लांबी कमी करून विश्रांती लिहावी.

वरच्या यमनच्या ओळीत तिसऱ्या मात्रेवरची रेघ लांबवण्याचीच. प लांबवून म॑ वर यायचे आहे. सोळाव्या मात्रेवरचा तार षड्जही लांबवलेला, कारण पुढे समेवरचा नि त्यालाच जोडून उतरतो. आठव्या मात्रेवरची रेघ मात्र वेगळी. पुढे पुन्हा नवव्या मात्रेवर मुखडा उचलायचा आहे आणि दम घ्यायला तीच जागा. मी तिथे क्वार्टर नोट आणि क्वार्टर विश्रांती लिहीन. पाश्चात्त्य वादकाला हा निर्णय आपणच घेऊन द्यावा लागतो. नाहीतर तो सगळ्या रेघा हाफ नोट म्हणून वाजवेल आणि ओळ गुदमरल्यासारखी ऐकू येईल.

त्रिताल स्टाफवर लिहिताना टाइम सिग्नेचर ४/४ द्यावी की १६/४?

दोन्हींत काहीतरी हरवते. ४/४ मध्ये प्रत्येक खंड एक बार होतो. वाचायला सोपे, पण प्रत्येक बारची पहिली मात्रा जोरकस, हा पाश्चात्त्य वादकाचा अंगवळणी पडलेला संस्कार. तो काल आणि सम एकाच वजनाने वाजवेल. १६/४ मध्ये आवर्तन एका बारमध्ये येते, पण खंड दिसेनासे होतात. स्टाफ नोटेशनमध्ये कालाला समांतर अशी खूणच नाही. टाळी न देता हात उलटा करायचा, जोर मुद्दाम काढून घ्यायचा, ही कल्पना तिथे लिहावी लागत नाही.

चांगला मधला मार्ग म्हणजे ४/४ ठेवून बारच्या वर भातखंड्यांच्या खुणा छापणे आणि आवर्तनाच्या शेवटी दुहेरी बाररेषा घालणे. झपतालासाठी १०/४ घेऊन २-३-२-३ तुटक बाररेषांनी दाखवावे. ५/४ चे दोन बार केले तर दुसरा बार कालावर सुरू होतो, आणि तो पहिल्याच्या जोराने वाजतो.

मोबाइलवर किंवा संगणकावर भातखंडे पद्धतीत कसे टाइप करायचे?

मंद्र स्वराला नुक्ता (ऩि, ध़, प़), तार स्वराला अनुस्वार (सां, रें, गं), कोमल स्वराला अनुदात्ताची ॒ ही खूण (रे॒, ग॒), तीव्र मध्यमाला ॑ (म॑). एका मात्रेतले स्वर मोकळी जागा न सोडता जोडून लिहा, खालचा कंस मग नसला तरी चालतो. फॉन्ट बदलला की ॒ आणि ॑ सरकतात किंवा चौकोन होतात, म्हणून पाठवण्याआधी दुसऱ्या एखाद्या फोनवर उघडून पाहा. नुक्ता गेला तर मंद्र निषाद मध्यातला होतो. नि रे ग अशी यमनमधली सुरुवात दिसली की तिथला नुक्ता गळाला आहे, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते, कारण मध्य निषादावरून रे वर येताना सहा स्वरांची घसरण होते.

पलुस्कर पद्धत अशी टाइप करण्याचा हट्ट धरू नका. स्वराखालच्या लांबीच्या खुणा साध्या मजकुरात बसत नाहीत. पान हाताने लिहून त्याचा फोटो पाठवणे बरे. आणि टाइप केलेच, तर निं आणि सा॑ असे लिहिण्याआधी वर ठळक अक्षरांत ‘पलुस्कर पद्धती’ असे लिहा.